उडी कुठे पडणार? स्प्राइटकडून पॉलिगॉनकडे जाताना कन्सोल गेम्स का बदलले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कन्सोलवरचे खेळ सपाट चित्रांमधून त्रिकोणांच्या मॉडेलमध्ये गेले. या बदलाबद्दल बोलताना ग्राफिक्सचीच चर्चा जास्त होते. मला त्यापेक्षा उडीबद्दल बोलायचं आहे. उडी ही कन्सोल खेळांची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात घासून गुळगुळीत झालेली क्रिया होती आणि नव्या जगात तीच आधी मोडली. ती पुन्हा बसवताना डिझायनरांना काय काय बदलावं लागलं, त्याची ही प्रश्नोत्तरं.

स्प्राइट आणि पॉलिगॉन मॉडेल यांत नेमका फरक काय?

स्प्राइट म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी काढलेलं छोटं चित्र. सुपर निन्टेन्डोसारख्या कन्सोलमध्ये असं चित्र पडद्यावर हवं तिथे ठेवण्याची सोय हार्डवेअरमध्येच होती. मारिओ धावतो तेव्हा त्याची दोन-तीन चित्रं आलटून पालटून दाखवली जातात आणि जागा सरकत जाते. मारिओला पाठ आहे हे त्या यंत्राला माहीतच नसतं. पाठमोरा मारिओ हवा असेल तर चित्रकाराने तो वेगळा काढायचा.

पॉलिगॉन मॉडेल म्हणजे बिंदूंची यादी. प्रत्येक बिंदूला तीन आकडे: आडवा, उभा आणि खोल. तीन-तीन बिंदू जोडले की त्रिकोण होतो आणि त्रिकोणांचा मारिओ होतो. कॅमेरा इथे असेल तर हे बिंदू पडद्यावर कुठे दिसतील, हा हिशोब कन्सोल दर फ्रेमला करतो. त्यामुळे पाठ, टाळू, तळपाय सगळं आपोआप मिळतं. चित्र आधी काढलेलं नसतं, ते खेळताना त्या क्षणी तयार होतं.

मग सगळ्या बाजूंनी स्प्राइट काढून काम भागलं नसतं का?

हिशोब करून पाहू. ३२ बाय ४८ ठिपक्यांचं एक पात्र घ्या. प्रत्येक ठिपक्याला ४ बिट धरले तर एका चित्राला ७६८ बाइट लागतात. चालणं, उडी, पडणं, मार खाणं मिळून ६० चित्रं धरली तर ४५ केबी झाले. हे फक्त एका बाजूने. आठ दिशा हव्या असतील तर डावी-उजवी आरशासारखी उलटवून पाच संच पुरतात, म्हणजे २२५ केबी. अख्ख्या सुपर मारिओ वर्ल्डची कॅसेट ५१२ केबीची होती. एका पात्रासाठी तिच्या जवळजवळ निम्मी जागा खर्च करूनही कॅमेरा जरा वर उचलायचा म्हटलं की सगळं पुन्हा काढायला घ्यावं लागणार.

तरी काही ठिकाणी हा मार्ग खरंच वापरला गेला. निन्टेन्डो ६४ वरच्या मारिओ कार्टमध्ये रस्ता पॉलिगॉनचा आहे, पण गाड्या आणि चालक आधी तयार करून ठेवलेली सपाट चित्रं आहेत. तिथे कॅमेरा कायम गाडीच्या मागे एका ठरावीक उंचीवर असतो, म्हणून ते निभावलं. कॅमेरा मोकळा सुटला असता तर निभावलं नसतं.

चित्र बदललं की खेळ आपोआप बदलतो का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. सेगाचा व्हर्च्युआ फायटर १९९३ साली आर्केडमध्ये आला. त्याचे लढवय्ये पूर्ण पॉलिगॉनचे होते, पण दोघं एकमेकांसमोर एकाच रेषेवर मागेपुढे होत लढत. पहिल्या टेकनमध्येही तेच. शरीरं नवी होती, मैदान जुनंच होतं, आणि म्हणूनच जुन्या फायटिंग गेमचा खेळाडू तिथे पाच मिनिटांत रुळत असे.

डिझाइन खऱ्या अर्थाने बदललं ते दोन गोष्टी एकत्र आल्यावर: खेळाडूला खोलीच्या दिशेने चालता येऊ लागलं आणि बघण्याची जागा हलू लागली. पॉलिगॉनमुळे हे दोन्ही शक्य झालं. ते करून दाखवण्याची किंमत मात्र डिझायनरांना वेगळी मोजावी लागली.

सपाट खेळात उडी इतकी नेमकी का बसायची?

कारण पडदा आणि मैदान एकच होतं. आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या आठ बिटी गेमवर, कॅसेट फुंकून लावून, सुपर मारिओ ब्रदर्स खेळलेल्या कुणालाही हे हाताला माहीत आहे. समोरचा खड्डा पडद्यावर चार ठोकळ्यांएवढा दिसतो, म्हणजे तो चार ठोकळ्यांचाच आहे. डोळ्याने मापलेलं अंतर आणि पायाने ओलांडायचं अंतर यांत फरकच नाही. म्हणून डिझायनर निर्धास्तपणे खड्डा अर्ध्या ठोकळ्याने वाढवून तुम्हाला जास्त वेळ धावत यायला लावू शकत होता. चुकलात तर ती तुमची चूक, हेही लगेच पटायचं.

आता तोच खड्डा कॅमेऱ्यापासून लांब जाणाऱ्या दिशेने ठेवा. पडद्यावर तो आकसून एका पट्टीएवढा होतो. पलीकडचा कट्टा लहान आहे की लांब आहे, हे कळायला मार्ग उरत नाही. पडद्यावरच्या एका ठिपक्यामागे नजरेच्या रेषेवरच्या असंख्य जागा दडलेल्या असतात आणि सपाट टीव्ही त्यातली कोणती खरी ते सांगत नाही. हवेत असताना तर पायांखाली जमीन आहे की पोकळी, हेही नीट दिसत नाही. बाकीचे जवळजवळ सगळे बदल या एका अडचणीतून निघाले, असं माझं मत आहे.

सुपर मारिओ ६४ ने ही अडचण कशी सोडवली?

एका उपायाने नाही. हा खेळ २३ जून १९९६ रोजी जपानमध्ये निन्टेन्डो ६४ सोबतच बाजारात आला. तो नीट पाहिला तर उडीभोवती त्यात किती आधार बांधलेत ते दिसतं.

पहिला आधार सावली. मारिओची गोल सावली नेहमी त्याच्या बरोबर खाली पडते. सूर्य कुठे आहे याच्याशी तिचा संबंध नाही. ती प्रकाशाची नक्कल नाही, ते मोजमापाचं साधन आहे. हवेत असताना सावली कट्ट्यावर दिसली तर पाय कट्ट्यावर पडतील, नाहीतर नाही. खोलीचा हरवलेला आकडा सावली परत आणून देते. सराईत खेळाडू उडीच्या दुसऱ्या अर्ध्यात मारिओकडे बघतच नाही, त्याची नजर सावलीवर असते.

दुसरा आधार क्षमा. मारिओ काठाला हाताने लटकू शकतो, म्हणजे थोडी आखूड पडलेली उडीही वाया जात नाही. भिंतीवर आपटला तर योग्य क्षणी बटण दाबून तिथूनच उलट उडी घेता येते. आणि जुन्या खेळात छोटा मारिओ एका स्पर्शाने मरायचा, इथे त्याच्याकडे आठ पाकळ्यांची ताकद आहे आणि प्रत्येक साध्या पिवळ्या नाण्याने एक पाकळी भरते. शत्रूच्या डोक्यावर नेमकं उतरणं आता अवघड झालेलं होतं, म्हणून ठोसा आणि लाथही हाताशी दिली.

तिसरा आधार जमिनीचा आकार, आणि मला यातच सगळ्यात जास्त विचार दिसतो. पहिलीच लेव्हल म्हणजे मधोमध एक डोंगर आणि भोवती मैदान. वाट डोंगराला वळसे घालत वर जाते. पाय घसरला तर बहुतेक वेळा तुम्ही खालच्या वळणावर येऊन पडता आणि पुन्हा चढू लागता. सपाट खेळात खड्डा म्हणजे मरण होतं, इथे पडणं म्हणजे थोडा वेळ गेला एवढंच. मोकळ्या पोकळीवरच्या लेव्हलही आहेत, पण सुरुवात तिथून केलेली नाही. त्याच्याही आधी किल्ल्याबाहेरची बाग आहे. तिथे एकही शत्रू नाही. झाडं, उतार आणि पाणी आहे, आणि नव्याने मिळालेली अॅनालॉग स्टिक हातात बसेपर्यंत हवं तेवढं हुंदडायची मुभा आहे.

त्या डोंगरावरच सहा वेगवेगळे तारे का ठेवले?

कारण अशी एक जागा घडवायला लागणारे कष्ट आणि मेमरी, ती एकदा ओलांडून टाकून देण्याएवढी स्वस्त नव्हती. सुपर मारिओ वर्ल्डमध्ये बाहेर पडायचे ९६ मार्ग होते. सुपर मारिओ ६४ मध्ये मुख्य लेव्हल १५ आहेत. पण प्रत्येकीत सहा ठरलेली कामं असतात, प्रत्येक कामाचं बक्षीस एक तारा, आणि शंभर नाण्यांचा सातवा तारा असतो.

पहिल्या डोंगराचंच उदाहरण घ्या. पहिला तारा शिखरावरच्या किंग बॉब-ऑम्बला हरवून मिळतो. दुसऱ्यासाठी त्याच वाटेने कूपा नावाच्या कासवाशी शर्यत लावायची. तिसरा हवेत तरंगणाऱ्या बेटावर आहे, तिथे तोफेतून जायचं. चौथ्यासाठी आठ लाल नाणी शोधायची, पाचव्यासाठी पंख लावून आकाशात उडायचं आणि सहावा साखळीला बांधलेल्या चोंप नावाच्या शत्रूच्या मागच्या पिंजऱ्यात आहे. जागा एक, पण प्रत्येक वेळी तुम्ही तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघता. आधी वाट, मग वेग, मग उंची, मग कानाकोपरे. डावीकडून उजवीकडे धावत संपवायची पट्टी जाऊन तिथे राहून ओळखीचं करायचं गाव आलं.

किंग बॉब-ऑम्बची लढतही पाहण्यासारखी आहे. त्याच्या मागे जाऊन त्याला उचलायचं आणि आपटायचं. पुढे मुख्य खलनायक बाउझरलाही शेपटीने धरून स्टिक गोल फिरवत गरगरवायचं आणि फेकायचं असतं. 'मागे' ही जागा स्प्राइटच्या खेळात नव्हतीच. नव्या जगात ती मिळाल्याबरोबर पहिल्या मोठ्या शत्रूपासूनच ती वापरायला शिकवलं.

कॅमेऱ्याला पात्र का बनवलं?

सुरुवातीलाच ढगावर बसलेला लाकितू, काठीला कॅमेरा लटकावून, मारिओभोवती उडत येतो आणि सांगतो की चित्रण मी करतोय. १९९६ च्या खेळाडूसाठी ही सजावट नव्हती. 'बघणारा' म्हणून कुणी वेगळा असतो आणि त्याला हलवावं लागतं, ही कल्पनाच त्याला नवी होती. पिवळ्या सी बटणांनी लाकितूला इकडेतिकडे सरकवता येतं, आणि भिंत आड येऊन तो सरकू शकला नाही तर नकाराचा आवाज होतो. तो आवाज मला फार प्रामाणिक वाटतो. कॅमेरा अडकला हे खेळ स्वतःच कबूल करतो.

अडचण पूर्ण मिटली नाही. अरुंद जागेत, भिंतीला पाठ लावून उभं राहिलं की कॅमेरा चुकीच्या कोनातच राहतो आणि उडी अंदाजाने मारावी लागते. मी पहिल्यांदा हा खेळ खेळलो तेव्हा जितक्या वेळा पडलो, त्यांतल्या निम्म्या वेळा तरी बोटं बरोबर होती, कोन चुकीचा होता.

टूम रेडरमध्ये नायिका लारा इतकी अवजड का चालते?

कारण तिथे याच अडचणीला अगदी उलट उत्तर दिलंय. ब्रिटनमधल्या डर्बीच्या कोअर डिझाइनने १९९६ च्या अखेरीस आणलेल्या या खेळाची सगळी जमीन समान चौकोनांची आहे, वहीच्या चौकटीसारखी. लाराच्या उड्याही त्याच चौकोनांत मोजलेल्या. धावत घेतलेली उडी दोन चौकोनांची दरी पार करते. हवेत असताना पकडायचं बटण धरून ठेवलं तर तिसऱ्या चौकोनाचा काठ हाताला लागतो.

त्यामुळे खोली डोळ्याने जोखायची गरज राहत नाही, चौकोन मोजले की झालं. चालण्याचं बटण धरून काठापर्यंत जा, लारा काठावर स्वतःच थांबते, पडत नाही. एक उडी मागे घ्या, की धावायला पुरेल एवढीच जागा होते. मग पुढे धाव आणि उडीचं बटण दाबून ठेवा. ती काठावरूनच उडते. मारिओची उडी नजरेवर आणि मनगटावर चालते, लाराची उडी आखणीवर. म्हणून टूम रेडर अर्धा कोड्याचा खेळ झाला. दरी दिसली की आधी थांबायचं, मोजायचं आणि मग निघायचं. गोळीबारातही तोच विचार आहे: बंदुका बाहेर काढल्या की हात आपोआप जवळच्या शत्रूवर रोखले जातात, कारण नेम धरणं हाही खोलीचाच प्रश्न आहे.

चालण्याबद्दल म्हणाल तर 'वर' दाबलं की लारा तिच्या पुढे जाते, पडद्याच्या वर नाही. प्लेस्टेशनच्या पहिल्या कंट्रोलरवर अॅनालॉग स्टिक नव्हती, फक्त चार दिशांची बटणं होती, त्यांना ही पद्धत मानवली. रेसिडेंट ईव्हिलमध्ये तर तिच्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तिथे प्रत्येक खोलीत कॅमेरा ठरलेल्या जागी असतो आणि दोन पावलांवर कोन एकदम बदलतो. दिशा कॅमेऱ्यावरून ठरत असती तर कोन बदलताक्षणी पात्र उलटं फिरलं असतं.

क्रॅश बँडिकूटमध्ये वाट एवढी अरुंद का?

क्रॅश बनवणाऱ्या नॉटी डॉगने अडचणीचं मूळच काढून टाकलं. कॅमेरा रुळावर बसवला आणि खेळाडूला बोळातून चालवलं. त्याच वर्षीचं हे तिसरं उत्तर.

यात एक मोठा फायदा होता. प्लेस्टेशनला कोणता त्रिकोण कशाच्या पुढे आहे हे ठिपक्यागणिक तपासता येत नव्हतं, त्यामुळे त्रिकोण लांबून जवळ अशा क्रमाने लावून रंगवावे लागत. कॅमेरा कुठून कुठे जाणार हे आधीच ठाऊक असल्याने कोणत्या जागेवरून कोणते त्रिकोण दिसतील आणि कोणत्या क्रमाने, हे कामाच्या मोठ्या संगणकांवर आधीच काढून डिस्कवर ठेवता आलं. वाचलेली ताकद दाट जंगलावर आणि पात्रावर खर्च झाली. एकट्या क्रॅशलाच ५१२ पॉलिगॉन दिले होते.

लाकडी खोक्यांची गोष्टही यातलीच. लेव्हल दिसायला भरगच्च पण खेळायला रिकाम्या वाटत होत्या आणि एकाच वेळी फार शत्रू दाखवणं परवडत नव्हतं. खोकं मात्र मोजक्या पॉलिगॉनमध्ये होतं. मग खोकी सगळीकडे पेरली: फुटणारी, उसळवणारी, उलटी गिनती करून स्फोट होणारी. खेळाचा निम्मा जीव ज्यात आहे ती गोष्ट त्रिकोणांच्या काटकसरीतून जन्मली.

जुने प्लेस्टेशनचे खेळ थरथरतात ते का? टीव्हीचा दोष आहे का?

टीव्हीचा नाही. बिंदू पडद्यावर ठेवताना प्लेस्टेशन त्यांची जागा पूर्ण ठिपक्यावर आणून बसवतो, मधली जागा त्याला ठाऊक नाही. कॅमेरा हळू हलला की प्रत्येक बिंदू वेगवेगळ्या क्षणी एक ठिपका उडी घेतो आणि मॉडेल थरथरतं. शिवाय त्रिकोणावर चिकटवलेलं चित्र ताणताना तो खोलीचा विचार करत नाही, म्हणून पायाजवळच्या फरशीच्या सरळ रेघा वाकड्या होतात. मोठ्या फरशीचे लहान तुकडे केले की हे कमी दिसतं. क्रॅशच्या अंगावर बहुतेक ठिकाणी चित्र न चिकटवता नुसता रंग भरला, तिथे वाकायला काही उरलंच नाही. निन्टेन्डो ६४ मध्ये हा दोष नाही, पण तिथे चिकटवायच्या चित्रांसाठी हाताशी फक्त ४ केबी जागा होती, म्हणून तिथल्या भिंती धूसर दिसतात.

उडीचं समजलं. तलवारीचं काय?

तलवारीचा प्रश्न दोन वर्षांनी, १९९८ च्या झेल्डा: ओकारिना ऑफ टाइममध्ये सुटला. मोकळ्या मैदानात शत्रूकडे तोंड करून राहणं हेच कष्टाचं होतं. तो बाजूला सरकला की तुमचा वार हवेत जायचा. हा खेळ घडवणाऱ्यांपैकी योशिआकी कोइझुमी आणि तोरू ओसावा यांनी सांगितलेली आठवण अशी की क्योतोतल्या तोएई स्टुडिओ पार्कमध्ये तलवारबाजीचा खेळ पाहताना त्यांना याचा धागा मिळाला. तिथे एका नायकाला अनेकांनी घेरलं तरी हल्ला एका वेळी एकच करतो, आणि साखळी-कोयता वापरणारा निंजा नायकाभोवती वर्तुळात फिरतो.

खेळात ते असं उतरलं: झेड बटण धरलं की एक शत्रू निवडला जातो, नायक लिंकसोबतची परी त्याच्यावर जाऊन थांबते आणि कॅमेरा दोघांना एकत्र चौकटीत ठेवतो. आता स्टिक डावी-उजवी केली की लिंक त्या शत्रूभोवती फिरतो. पुढे म्हणजे त्याच्याकडे, मागे म्हणजे त्याच्यापासून दूर. बाकीचे शत्रू तोवर जरा दबून राहतात. अमर्याद मैदानात, लढाईपुरती, दोघांमध्ये पुन्हा एक रेषा आखली गेली. आणि साध्या उडीचं बटणच या खेळात नाही: लिंक धावत काठावर आला की आपोआप उडतो.

स्प्राइट मग संपले का?

नाही. १९९७ चा कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइट प्लेस्टेशनवरच आला, सपाट चित्रांत, आणि हालचालीच्या नेमकेपणात त्या काळचे फार थोडे पॉलिगॉन खेळ त्याच्या जवळ पोहोचतात. सुपर मारिओ ६४ मध्येही स्प्राइट आहेत. किल्ल्याबाहेरच्या बागेत एखाद्या झाडाभोवती चक्कर मारून बघा. कुठूनही पाहिलं तरी झाड तेच तोंड तुमच्याकडे करून उभं असतं.